पोलराइज्ड गॉगलमधून स्कूटरचं मीटर काळं का पडतं?

घाटवाटे

नमस्कार मंडळी. नुकताच पोलराइज्ड गॉगल घेतला. उन्हात डांबरावरची आणि पुढच्या गाडीच्या काचेवरची चकाकी खरंच नाहीशी होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्कूटरच्या डिजिटल मीटरकडे नजर गेली की आकडे मंद दिसतात. मान डावीकडे कलवली तर अख्खं मीटर काळं होतं, आणि तेवढीच उजवीकडे कलवली तर एकदम स्वच्छ दिसतं. घरी येऊन जुन्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तिथेही हेच.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की एलसीडीच्या पुढे आणि मागे एकेक पोलरायझर फिल्म असते आणि त्या दोन्ही एकमेकींना काटकोनात लावलेल्या असतात. इथेच माझी गाडी अडली. दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांवर काटकोनात धरले तर पलीकडचं काहीच दिसत नाही. मग स्क्रीन मुळातच काळा का नसतो? मधलं लिक्विड क्रिस्टल नेमकं काय करतं, की एका जागी पूर्ण उजेड, दुसऱ्या जागी काळं आणि तिसऱ्या जागी राखाडी? "व्होल्टेज दिलं की क्रिस्टल प्रकाश अडवतं" एवढ्यावर बहुतेक ठिकाणी बोळवण केलेली दिसते. कुणी नीट उलगडून सांगेल का?

गोगलगाय

माझा चष्मा उन्हात गेल्यावर आपोआप काळा होतो. त्यातून मला मोबाइल, एटीएम सगळं व्यवस्थित दिसतं. तुमच्या गॉगलच्या काचेत काही दोष असेल. दुकानदाराला परत द्या, आणि यूव्ही संरक्षण आहे का तेही तपासून घ्या.

घाटवाटे

गोगलगाय, तो प्रकार वेगळा. तुमची काच उजेड सगळाच कमी करते, दिशा पाहत नाही. यूव्हीचाही याच्याशी संबंध नाही. गॉगल पोलराइज्ड आहे की नाही हे तपासायला लॅपटॉपसमोर धरून गोल फिरवायचा. उजेड कमीजास्त झाला तर पोलराइज्ड. तुमच्या चष्म्यात काहीच फरक पडणार नाही.

विजेरी

सोपं आहे. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेचं कंपन सोडणारी फिल्म. दोन फिल्ममध्ये जेवढा कोन, तेवढा प्रकाश कमी. मालुसचा नियम बारावीला असतो: कोनाच्या कोसाइनचा वर्ग. ३० अंशांना ७५ टक्के, ४५ ला निम्मा, ६० ला पाव आणि ९० ला शून्य. लिक्विड क्रिस्टल प्रकाशाची दिशा ९० अंशांनी फिरवतं, म्हणून काटकोनातल्या फिल्ममधूनही प्रकाश बाहेर येतो. व्होल्टेज वाढवत नेलं की हे फिरणं कमी होत जातं. ९० चे ६०, ६० चे ३०, मग शून्य. त्याप्रमाणे पुढची फिल्म प्रकाश कमी कमी सोडते. झाला राखाडी.

खडूफळा

घाटवाटे, प्रश्न फार नेमका विचारलात. अनेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विजेरींच्या उत्तराकडे शेवटी येतो.

वाचत बसण्याआधी एक प्रयोग करा. बंद करून टाकलेला एखादा जुना कॅल्क्युलेटर घ्या, ज्याचे आकडे अजून उमटतात असा. डिस्प्लेची काच हळूच बाहेर काढा, पण तारा किंवा रबराची पट्टी सुटू देऊ नका. काचेवर सगळ्यात वर एक करडी प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. एका कोपऱ्यातून ब्लेडचं टोक घालून ती सोलून काढा. आता कॅल्क्युलेटर चालू करून ८८८ दाबा. काहीही दिसणार नाही. करडी कोरी काच.

मग तुमचा गॉगल डोळ्यांवर चढवा आणि काच थोडी तिरकी फिरवून परत बघा. आकडे आहेत! तिथून काचेला पाव वळसा द्या. आता जमीन काळी आणि आकडे उजळ दिसतील. आणखी पाव वळसा, की पुन्हा पहिल्यासारखं.

या प्रयोगात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. फिल्म काढल्यावर आकडे गेले, पण लिक्विड क्रिस्टल तर आपलं काम करतच होतं. याचा अर्थ क्रिस्टल प्रकाश अडवत नाही. आकड्यांच्या जागेतून आणि आजूबाजूच्या जागेतून सारखाच प्रकाश बाहेर येत होता. फरक होता तो फक्त त्याच्या कंपनाच्या दिशेत, आणि तो आपल्या डोळ्यांना कळत नाही. दिशेतला फरक उजेड-अंधारात बदलण्याचं काम पुढची फिल्म करते. शोषण होतं ते फक्त फिल्ममध्ये.

आता क्रिस्टल दिशा कशी फिरवतं ते. दोन काचांच्या आतल्या बाजूला पॉलिइमाइडचा अत्यंत पातळ लेप असतो आणि तो कारखान्यात मखमलीसारख्या कापडाच्या रुळाने एकाच दिशेने घासलेला असतो. लिक्विड क्रिस्टलचे रेणू लांबट असतात. काचेला टेकलेले रेणू घासल्याच्या दिशेत आडवे पडतात आणि तिथून हलत नाहीत. वरच्या काचेची घासणी खालच्या काचेच्या काटकोनात ठेवली, की मधल्या थरांना दोन्हीकडची मर्जी राखावी लागते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळतो. पत्त्यांच्या कॅटाला दोन्ही हातांत धरून पीळ द्यावा, तसा तळापासून वरपर्यंत ९० अंशांचा पीळ पडतो. दोन काचांमधलं अंतर पाच-सहा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा किती तरी कमी. एवढ्या जागेत हा सगळा पीळ बसतो.

मागच्या फिल्ममधून आलेला प्रकाश खालच्या रेणूंच्या दिशेत कंप पावत आत शिरतो आणि थरांच्या पिळाबरोबर वळत वर येतो. वर पोचेपर्यंत तो ९० अंश वळलेला असतो, म्हणून काटकोनातल्या फिल्ममधून आरामात बाहेर पडतो. तुमचा स्क्रीन मुळात काळा का नाही, याचं कारण हे.

आता व्होल्टेज. काचांवर इंडियम-टिन ऑक्साइडचे पारदर्शक पट्टे असतात, आकड्याच्या सात तुकड्यांच्या आकाराचे. त्यांवर साधारण दीड-दोन व्होल्ट आले की रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेत, म्हणजे काचेला लंब उभे राहतात. उभ्या रेणूंना पीळ राहत नाही. प्रकाश न वळता जसाच्या तसा वर येतो आणि पुढच्या फिल्ममध्ये शोषला जातो. तेवढा तुकडा काळा. व्होल्टेज काढलं की काचेला टेकलेले रेणू बाकीच्यांना परत पिळात ओढून आणतात.

सोल्डरगन

सर, मस्त. माझं दुचाकीच्या मीटर दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे ही फिल्म रोज हातात असते. गाडी रोज उन्हात उभी राहिली की दोन-तीन वर्षांत मीटरवर पिवळट डाग पडतात आणि आकडे फिके होतात. लोक म्हणतात डिस्प्ले गेला, नवीन मीटर टाका. बहुतेक वेळा काच आणि क्रिस्टल ठणठणीत असतं. फक्त वरची फिल्म उन्हाने आणि दमटपणाने मेलेली असते.

काम असं: हॉट एअर लांबून मारून फिल्म मऊ करायची, कोपऱ्यातून उचलायची, राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि नवी फिल्म चिकटवायची. गंमत दिशेची आहे. नवी फिल्म कापण्याआधी मीटर चालू ठेवून काचेवर धरून फिरवून बघायची. बरोबर दिशेला आकडे काळेभोर दिसतात. पाव वळसा चुकला की सगळं उलटं, काळ्यावर पांढरं. नवीन पोरं फिल्मच्या कडांना समांतर तुकडा कापतात आणि मग फसतात, कारण बऱ्याच मीटरना दिशा तिरकी, ४५ अंशांची लागते. तिरक्या दिशेची फिल्म अर्धा वळसा फिरवली तरी दिशा तीच राहते. पालथी केली तर उलटते, पण गोंद एकाच बाजूला असतो. म्हणून कापतानाच बघायचं.

काही गिऱ्हाइकं मुद्दाम उलटी लावून मागतात. रात्री छान दिसते म्हणून.

घाटवाटे

सोल्डरगन, तुमच्या ४५ अंशांमुळे माझं कोडं सुटलं! गॉगल उभं कंपन सोडतो, कारण रस्त्यावरून आणि पाण्यावरून तिरकी येणारी चकाकी बरीचशी आडव्या कंपनाची असते. मीटरमधून येणारं कंपन तिरकं, ४५ अंशांचं. मान सरळ असताना दोघांत ४५ चा कोन, म्हणून विजेरींच्या नियमाने निम्मा उजेड. मान एका बाजूला ४५ कलवली की कोन ९०, मीटर काळं. दुसऱ्या बाजूला कलवली की कोन शून्य, स्वच्छ. बरोबर ना?

खडूफळा

अगदी बरोबर. गॉगलचा स्वतःचा काळेपणा त्याहून वेगळा, तो सगळ्या दिशांना सारखाच लागू.

आता विजेरींच्या मुद्द्याकडे. दोन टोकांना त्यांचं म्हणणं ठीक आहे, पण मधल्या राखाडीसाठी नाही. व्होल्टेज थोडंसं दिलं तर काय होतं? काचेला टेकलेले थर लेपाला धरून असतात, ते हलत नाहीत. सगळ्यात आधी मधले थर कलतात, कारण ते दोन्ही काचांपासून सर्वांत लांब, त्यांच्यावर धाक कमी. म्हणजे ९० चा पीळ सुटून ६० चा पीळ झाला असं होत नाही. दोन्ही टोकांची दिशा अजून काटकोनातच आहे, मधला भाग मात्र अर्धवट उभा राहिलाय. अशा थरांमधून प्रकाश जाताना त्याचे दोन घटक मागेपुढे होतात आणि बाहेर येणारं कंपन एका रेषेत राहत नाही. ते लंबवर्तुळात फिरतं. पुढची फिल्म त्यातला आपल्या दिशेचा वाटा सोडते आणि बाकीचा शोषते. तुम्हाला दिसतो तो राखाडी असा तयार होतो.

विजेरी

सर, पण तीन पोलरायझरचा प्रयोग बघा. काटकोनातल्या दोन फिल्ममध्ये तिसरी ४५ अंशांत सरकवली की अंधारातून उजेड येतो. पहिल्या फिल्ममधून आलेल्यातला पाव. मध्ये १०-१० अंशांनी वळवलेल्या फिल्म ठेवत गेलं तर नऊ पायऱ्यांत ९० अंश होतात आणि जवळजवळ ७६ टक्के प्रकाश पार जातो. एकेक अंशाच्या ९० पायऱ्या केल्या तर ९७ टक्के. लिक्विड क्रिस्टलचे थर म्हणजे हेच नाही का?

खडूफळा

आकडे चोख आहेत, मी वर्गात हाच प्रयोग दाखवत असे. पण त्या प्रयोगात प्रत्येक फिल्म थोडा प्रकाश गिळते आणि उरलेला आपल्या दिशेत सोडते. लिक्विड क्रिस्टलचा थर काहीच गिळत नाही. त्यातल्या रेणूंच्या लांबीच्या दिशेतलं कंपन आणि आडव्या दिशेतलं कंपन वेगवेगळ्या वेगाने जातं, एवढंच. दिशा वळते ती या वेगाच्या फरकामुळे.

पडताळायचं असेल तर असं करा. एखाद्या जुन्या टीएन, म्हणजे असाच पीळ असलेल्या, मॉनिटरची पुढची फिल्म काढलेली असेल, तर त्यावर मध्यम राखाडी रंग भरा आणि गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा. प्रकाश नुसता ४५ अंश वळून सरळ रेषेत कंप पावत असता, तर कुठल्या तरी एका कोनाला तो भाग पूर्ण काळा व्हायला हवा होता. तसा कोन सापडत नाही. कमी होतो, वाढतो, पण मिटत नाही. पूर्ण काळ्या रंगाच्या जागी मात्र तो कोन सापडतो.

विजेरी

हा प्रयोग करून बघायला हवा. तरी कॅल्क्युलेटरसारख्या चालू-बंद डिस्प्लेसाठी माझं वर्णन पुरेसं आहे असं मला अजून वाटतं.

रेवा

मी डिस्प्लेच्या ऑप्टिक्सचं काम करते, सध्या मुक्काम जर्मनीत. धागा वाचून राहवलं नाही. सरांनी फार छान मांडलंय. एका ठिकाणी मात्र थोडं पुढे जावंसं वाटतं: "प्रकाश पिळाबरोबर वळत वर येतो."

हे शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं, पण त्याला अट आहे. पीळ प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप सावकाश पडला पाहिजे. म्हणजे थर जाड हवा, किंवा दोन दिशांतल्या वेगाचा फरक मोठा हवा. प्रत्यक्ष सेल, म्हणजे दोन काचा आणि मधला द्रव, इतके जाड करत नाहीत, कारण जाड सेल मंद चालतो. रेणूंना उभं राहायला आणि परत पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मग काय करायचं?

१९७५ च्या सुमारास गूच आणि टॅरी यांनी गणित मांडून दाखवलं की काही ठरावीक जाडींना, मोगँची अट पुरती पाळली नाही तरी, एका रंगाचा प्रकाश बरोबर ९० अंश वळून बाहेर येतो. त्यातली सगळ्यात पातळ जाडी अशी काढतात. दोन दिशांतल्या अपवर्तनांकांचा, म्हणजे प्रकाश द्रवात किती मंदावतो त्या आकड्यांचा, फरक गुणिले जाडी, हा गुणाकार तरंगलांबीच्या ०.८६६ पट असला पाहिजे. डोळ्याला सर्वांत उजळ वाटणारा हिरवा, ५५० नॅनोमीटर घ्या. गुणाकार आला ४७६ नॅनोमीटर. द्रवाचा अपवर्तनांकातला फरक ०.०९ असेल तर जाडी ५.३ मायक्रॉन. सरांनी सांगितलेले पाच-सहा मायक्रॉन असे आले.

आता याच सेलमधून निळा आणि तांबडा किती जातो? ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे जवळजवळ ५ टक्के आणि ६५० च्या तांबड्याचे ४ टक्के पुढच्या फिल्मला अडतात. डोळ्याला हे जाणवत नाही, म्हणून कॅल्क्युलेटरची जमीन पांढुरकी करडी दिसते. पण सेल चुकून निम्म्या जाडीचा झाला, २.६५ मायक्रॉनचा, तर हिरव्याचेसुद्धा फक्त ५६ टक्केच पार पडतील. मंद, मळकट डिस्प्ले. जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून काचांमध्ये ठरावीक मापाचे सूक्ष्म मणी पेरतात. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट दाबलं की रंगीत डाग पसरतो ना? तिथे जाडी बदलते, रेणू अस्ताव्यस्त होतात आणि हे सगळं गणित तेवढ्यापुरतं मोडतं.

तेव्हा विजेरी, चालू-बंद डिस्प्लेलाही "नुसतं ९० अंश फिरणं" हे एका रंगापुरतंच काटेकोर आहे.

कातळशिल्प

पण हे सुचलं कुणाला? दोन काटकोनी फिल्म आणि मध्ये पीळ, हे आपोआप डोक्यात येणारं नाही.

रेवा

बासेलमध्ये होफमान-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी ४ डिसेंबर १९७० ला स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९७१ च्या सुरुवातीला शोधनिबंध छापला. तिकडे अमेरिकेत ओहायोतल्या केंट इथे जेम्स फर्गसन याच गोष्टीवर काम करत होते आणि त्यांनीही पेटंट घेतलं. श्रेयावरून दोन्ही बाजूंत बरंच झालं. त्याआधी अमेरिकेतल्याच आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये लिक्विड क्रिस्टलचा डिस्प्ले दाखवला होता, पण तो वीज सोडून द्रव ढवळून दुधाळ करायचा. त्याला व्होल्टेज जास्त लागायचं आणि करंटही. पिळाच्या सेलमध्ये करंट जवळजवळ वाहतच नाही, रेणू फक्त उभे राहतात. छोट्या बॅटरीवर घड्याळ वर्षभर चालतं ते यामुळे.

एक अडचण उरली होती. त्या वेळचे द्रव एक तर गरम केल्याशिवाय लिक्विड क्रिस्टल अवस्थेत येत नसत, नाहीतर दमट हवेत खराब होत. इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी सायनोबायफिनाइल बनवले तेव्हा साध्या खोलीच्या तापमानाला टिकणारा द्रव मिळाला. मला या सगळ्या कहाणीत ग्रे यांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांच्याविना बासेलची कल्पना कागदावरच राहिली असती.

सोल्डरगन

रेवाताई, तापमानावरून विचारतो. कधी कधी गिऱ्हाईक येतं, म्हणतं दुपारी उन्हात उभी केली होती, अख्खं मीटर काळं झालं, आणि दुकानात येईपर्यंत ठीक. ही फिल्म नाही ना?

रेवा

नाही, ही फिल्म नाही. द्रव एका ठरावीक तापमानाच्या वर गेला की रेणूंची एक दिशा मोडते आणि तो साध्या तेलासारखा होतो. काही स्वस्त द्रवांत हे ७०-८० अंशांच्या आसपास होतं. पीळच नाही, तर प्रकाश वळणार कसा? काटकोनी फिल्म प्रकाश अडवतात आणि पूर्ण काच काळी होते. थंड झाली की लेपाच्या घासणीमुळे पीळ पुन्हा जसाच्या तसा बसतो. म्हणून ओळख सोपी आहे: थंड झाल्यावर बरं झालं तर द्रव तापला होता. डाग कायम राहिला, किंवा आकडे फिके होत गेले, तर फिल्म.

शिवारफेरी

मी उलटा अनुभव सांगतो. लडाखला मोटारसायकलवर गेलो होतो, पहाटे कडाक्याच्या थंडीत मीटरचे आकडे बदलायला इतका वेळ लागायचा की आधीचा आकडा आणि नवा आकडा एकात एक मिसळलेले दिसायचे. मला वाटलं बॅटरी उतरली.

रेवा

थंडीत द्रव दाट होतो, त्यामुळे रेणू हलायला वेळ घेतात. विशेषतः परत पिळात पडायला, कारण उभं करायला व्होल्टेज असतं, पण परत पाडायला फक्त काचेवरच्या थरांची ओढ. बॅटरीचा दोष असता तर आकडे फिके पडले असते, रेंगाळले नसते.

गोगलगाय

मला आता उत्सुकता वाटायला लागली. फिल्म काढलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेला मुलाने थेट पेन्सिल सेल लावून बघितला तर चालेल का? त्याला शाळेत प्रकल्प करायचाय.

रेवा

क्षणभर लावून बघायला हरकत नाही, पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं तर तुकडा काळा झालेला दिसेल. सेलची टोकं उलटी केली तरी तसाच काळा होईल, कारण रेणूंना क्षेत्राची उलटसुलट दिशा कळत नाही. हे त्याला जरूर करून दाखवा. पण लावून ठेवू नका. एकाच दिशेचं व्होल्टेज राहिलं की द्रवातले अशुद्ध आयन एका काचेकडे जमतात आणि लेप व द्रव खराब होतात, आकड्याची सावली मागे राहते. म्हणून खऱ्या डिस्प्लेत सेकंदाला कित्येक वेळा दिशा उलटवतात. करडी फिल्म सोलताना ब्लेड मात्र मोठ्यांनी धरावं.

कातळशिल्प

एक शंका. माझ्या मोबाइलचा स्क्रीन ओएलईडी आहे. त्यात लिक्विड क्रिस्टलच नाही. तरी गॉगल घालून फोटो काढायला मोबाइल आडवा धरला की तो काळा पडतो. हे कसं?

रेवा

ओएलईडीच्या पुढेही पोलरायझर असतो, पण कारण वेगळं. आतले धातूचे इलेक्ट्रोड आरशासारखे चमकतात आणि उन्हात काळा रंग काळा दिसत नाही. बाहेरून आत गेलेला उजेड परत बाहेर येऊ नये म्हणून पोलरायझर आणि त्याखाली एक पाव-तरंग फिल्म लावतात. स्वतःचा प्रकाशही त्याच पोलरायझरमधून बाहेर येतो, म्हणून तोही एका दिशेत कंप पावतो. काही कंपन्या वरून आणखी एक फिल्म लावून बाहेर पडणारं कंपन गोल फिरतं करतात. मग गॉगलने कुठल्याच कोनाला काळं पडत नाही.

विमानाच्या कॉकपिटमध्येही हीच अडचण येते. अमेरिकेची विमान वाहतूक संस्था एफएए वैमानिकांना पोलराइज्ड गॉगल टाळायचा सल्ला देते, त्यातलं एक कारण हे.

सोल्डरगन

मग दुचाकीवाल्यांनीही टाळावा का? चकाकी जाते हा फायदा मोठा आहे. माझं मत, मीटर पूर्ण काळं होत नसेल तर चालतंय.

खडूफळा

माझं मत वेगळं. गाडी चालवताना मान कलते, वळणावर तर कलतेच. ज्या क्षणी वेग बघायचा त्याच क्षणी आकडे नाहीसे होणं मला पटत नाही. निदान गॉगल घेण्याआधी आपल्या मीटरसमोर धरून, दोन्ही बाजूंना मान कलवून बघावं आणि मगच पैसे द्यावेत.

घाटवाटे

माझ्या मीटरला मान सरळ असताना निम्मा उजेड मिळतो आणि दिवसा तेवढा पुरतो, म्हणून मी वापरत राहणार. पण सरांची सूचना खरी आहे.

मायाळू

सगळा धागा वाचला. माझ्या कारच्या मधल्या स्क्रीनकडे गॉगलमधून पाहिलं तर तो काळा पडत नाही, पण निळे-गुलाबी पट्टे दिसतात, तेलाच्या तवंगासारखे नाहीत, रुंद आणि संथ. मान कलवली की रंग बदलतात. रेवाताई, ही ती मुद्दाम लावलेली फिल्म का?

रेवा

दोन शक्यता आहेत. मुद्दाम लावलेली असेल तर सहसा रंग सगळ्या स्क्रीनवर एकसारखे असतात, किंवा दिसतच नाहीत. वर प्लास्टिकचं कव्हर किंवा स्क्रीनगार्ड असेल तर ते ताणून बनवलेलं असतं, आणि त्या ताणामुळे तेही दोन दिशांतलं कंपन वेगवेगळ्या वेगाने सोडतं. रंगागणिक परिणाम बदलतो, म्हणून पट्टे. कारच्या मागच्या टफन काचेवर गॉगलमधून ठिपके दिसतात तेही असंच. वर्णनावरून मला कव्हरचा संशय जास्त येतोय, पण इथून खात्रीने सांगता येणार नाही. वर स्क्रीनगार्ड चिकटवलेला आहे का?

मायाळू

आहे, डीलरने दिलेला. निघतो का ते बघते आणि पट्टे राहतात की जातात ते इथे लिहिते.

सोल्डरगन

काढताना कोपऱ्यातून हेअर ड्रायरने जरा गरम करा, आणि सपाट खेचा. वर उचललं की कव्हरबरोबर कधी कधी खालची फिल्मही सुटते.